फादर बदलले, मिस्सा बदलली

म्युच्युअल फंडाचा एजंट म्हणून मी वसईत हिंडायचो ते ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस. बँकांचे फंड नुकते निघाले होते. माझ्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक सांडोर गावच्या बाई. मला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. निवृत्तीचा बराचसा पैसा त्यांनी माझ्या शब्दावर एका मासिक उत्पन्न योजनेत घातला. मुख्य भर कर्जरोख्यांवर, शेअर नावापुरते, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. पहिल्या वर्षाचा दर जाहीर होता, पुढचा दरवर्षी ठरणार होता. त्या महिन्याच्या रकमेतून आयेचा पगार जायचा. ही आया अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला उठवायची, धुवायची, भरवायची.

योजना सांभाळणारा मॅनेजर नोकरी सोडून गेला, हे मला मुंबईच्या फोर्टातल्या एजंटांच्या बैठकीत कळलं. मी बरेच दिवस कुणाला बोललो नाही. कुणी विचारलंच तर तयार उत्तर होतं, "फादर बदलले म्हणून कुणी देऊळ सोडतं का?" सांडोर ख्रिस्ती गाव, चर्चला देऊळ आणि तिथल्या उपासनेला मिस्सा म्हणणारं, त्यामुळे हे वाक्य चालायचं. लोक हसायचे आणि चहा यायचा.

बाईंनाही मी तेच ऐकवलं. त्या केळीच्या बागेकडे तोंड करून बसल्या होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण नवे फादर मिस्साच म्हणताहेत ना? की वेदीवरून हौजीचे आकडे पुकारताहेत?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"माणूस गेला म्हणून मी पैसे काढणार नाही. नवा कोण आलाय ते विचार. आणि छापील हिशेब आला की घेऊन ये. मी पत्रकाशी ताडून बघेन."

अहवाल आला. मी उड्या मारतच गेलो, कारण युनिटचा भाव चांगला चढला होता. बाईंनी चष्मा लावला, जुनं पत्रक उशीखालून काढलं आणि दोन्ही कागद मांडीवर शेजारीशेजारी धरले. रोख्यांचा वाटा घटला होता. शेअरांची यादी पानभर लांबली होती.

"हे काय रे?"

"बाई, बाजार वर आहे. फायदाच झालाय."

"फायदा मागितला होता का मी? आया मागितली होती."

दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्याबरोबर फंडाच्या कचेरीत आल्या. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला वर्गात विचारावं तसं विचारलं, "हा बदल तात्पुरता, की आता धोरणच हे? आणि बाजार पडला तर आमचं महिन्याचं कुठून देणार?"

"मॅडम, नवे साहेब संधी बघून चालतात."

"म्हणजे धोरणच."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या मॅडम फार कडक आहेत हो."

"शाळेत आणखी कडक होते," बाई म्हणाल्या.

फंड युनिट परत विकत घेतो ती पुनर्खरेदीची मुदत उघडली होती. भावात थोडी कपात होती, ती त्यांनी आधी विचारून घेतली. आयेच्या पगाराला जेवढे लागत होते तेवढे युनिट त्यांनी विकले आणि ते पैसे पोस्टाच्या मासिक योजनेत टाकले. उरलेले ठेवले. म्हणाल्या, "हे आता शेअर समजून ठेवते. वर गेले तर देवाची कृपा, खाली गेले तर तुझ्या नावानं बोटं मोडणार नाही." घाबरून सगळं काढणारे मी पाहिले होते, डोळे मिटून बसणारेही. एवढं शांतपणे वेगळं करणारं माणूस मात्र तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे काही महिने भाव चढतच राहिला. शेजारी टोमणे मारायचे, "बाईंनी घाई केली." बाई म्हणायच्या, "हो, केली," आणि बहिणीची वेणी घालायला आत जायच्या.

एकदा मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. "गावात आणखी कुणाला दिलंस तू हे?"

"सात-आठ घरं."

"मग जा आणि सांग. विकायचं की ठेवायचं, ते त्यांचं ते ठरवतील. पण मिस्सा बदललीय हे त्यांना कळायला हवं. मी सांगितलं तर मास्तरीण मिरवतेय म्हणतील."

गेलो. पण सगळ्यांकडे नाही. विहिरीपलीकडच्या घरात माझं लग्न जमलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांसमोर आपल्याच मालाबद्दल असं बोलायची लाज वाटली. मी तिथे चहा पिऊन परतलो. नंतरच्या वर्षी योजनेचा दर उतरला, सासऱ्यांच्या हाती महिन्याला कमी येऊ लागलं. त्यांनी माझ्या बायकोच्या देखत मला एवढंच विचारलं, "जावईबापू, तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मी म्हणालो, "नाही."

बायकोला खरं सांगितलं ते यंदा, सासरे गेल्यावर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाईंकडची आया शेवटपर्यंत होती, नाही?"

होती. बहीण गेली त्या सकाळीही तीच उशाशी होती, आणि तिचा त्या महिन्याचा पगार बाईंनी पहिल्या तारखेलाच दिलेला होता.