दोनदा घेतलेला कर्फ

"वहिनी, शाफ्ट चकतीत जाऊनच नाही राह्यला," असं म्हणत दिरानं लोखंडी चकती माझ्या कीबोर्डवर ठेवली. टेबलावर जागा असताना कीबोर्डवर. देऊळगाव राजात त्याचं पेरणीयंत्रं बनवायचं वर्कशॉप आहे. बियाणं मोजून सोडणाऱ्या चकतीचं ड्रॉइंग त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडून काढून घेतलं होतं. हा नमुना फसला की काम पुन्हा बाहेरच्या माणसाकडे जाणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

फाइल पाठवण्याआधी मी डोळे फुटेस्तोवर तपासली होती. रेषांची सुटी टोकं जोडून प्रत्येक आकार बंद केला होता. रेषेवर रेष राहिली की लेसर तिथून दोनदा फिरतो आणि कड जळते, म्हणून जादा रेषा पुसल्या होत्या. कापताना लेसर जी बारीक फट खातो, ती म्हणजे कर्फ. त्याच्या निम्म्यानं मी भोकांच्या रेषा आत आणि चकतीची कड बाहेर सरकवली होती. जालन्याच्या लेसरवाल्याला फोनवर सांगितलंही होतं, "कर्फ घेतलाय." तो "बरं ताई" म्हणाला होता.

"माप तुमच्याकूनच चुकलं असंल," दीर म्हणाला. लेसरवाल्याला फोन लावला, तर तो विचारतो, "ताई, फाइल कोणाकडून काढून घेतली होती?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मलाही आता त्याचाच संशय यायला लागला. फाइलशी यानं काहीतरी केलंय, नक्कीच.

मी दिराकडून माप घ्यायचा व्हर्नियर मागून घेतला. भोक लहान भरलं, आणि चकती बाहेरून तेवढीच मोठी. कर्फ राहून गेला असता तर भोक मोठं आणि चकती लहान आली असती. इथं सगळंच उलटं.

"तुम्ही पण मशीनवर कर्फ लावलात ना?" मी लेसरवाल्याला विचारलं.

तो म्हणाला, "लावला ताई. इकडं येणाऱ्या फायलीत टोकं उघडी, रेषा डबल. कर्फ कोण घेतंय? मला वाटलं, तुम्ही नुसतंच म्हणताय."

म्हणजे "बरं ताई" म्हणतानाच त्यानं माझं ऐकलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता, दीर समोर उभा होता. मला फार बरं वाटलं.

दुसरी चकती त्याच फाइलवरून, मशीनवरचा कर्फ बंद करून कापली. मी वर्कशॉपमध्ये मुद्दाम गेले. दिरानं आधी व्हर्नियर लावला, दोनदा लावला, मग चकती शाफ्टवर ठेवली. ती बोटानं सरकत आत गेली. त्यानं ती फिरवून पाहिली, कुठं घासत नव्हती.

"पाह्यलं वहिनी?" तो खुशीत म्हणाला. "जालन्याच्या मशीनले मानलं बुवा."