दोन स्टेशनांची बाई

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस पुलगाव ते नागपूर या रुळांवर दुसरा नाही, आणि असलाच तर मामांनी त्याला आपल्या गोष्टीत घालून केव्हाच सरळ केला असेल. पुलगावातलं कापडाचं दुकान मुलाच्या हाती सोपवून हे रोज सकाळच्या पॅसेंजरनं नागपूरला अपडाऊन करत. माल पाहायला जातो म्हणत, पण खरी ओढ गर्दीची. त्या गर्दीत उभ्या उभ्या ते मोठ्यानं एक गोष्ट रचत, रोज थोडी थोडी. वर्ध्याला एक बायको नवऱ्याचा जेवणाचा डबा खिडकीतून आत देते. नवरा चढलाय बोगीच्या दुसऱ्या टोकाला. पाय ठेवायला जागा नाही, म्हणून डबाच हातोहात निघतो. ज्याच्या हातात डबा, त्याची गोष्ट. हात बदलला की त्याची थांबली, पुढच्याची सुरू. पुरती गोष्ट कोणालाच ठाऊक नाही, प्रत्येकाला फक्त मागचा हात माहीत आणि पुढचा. माणसंही रोज त्याच बोगीतून जाणाऱ्या आमच्यातलीच उचललेली. एका बँकवाल्यानं आपला भाग वाढवा म्हणून फारच लकडा लावला, तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, तुमची बदली सेवाग्रामले झाली. उतरा." तो आठवडाभर शेजारच्या बोगीतून गेला.

आपलं नाव एकदा तरी छापून यावं, ही मामांची जन्माची हौस. म्हणून मी ती गोष्ट लिहून काढायला लावली आणि एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला तो सिंदी सुटल्यावर. गोंगाटात ऐकू येईना, म्हणून मामांनी स्पीकर लावला आणि सगळी बोगी ऐकू लागली.

"गोष्ट घेतो, पण माणसं फार झाली. नवरा-बायको ठेवा. ती सिंदीला चढणारी बाई तर दोनच स्टेशनं आहे, तिला काढा."

ती बाई मामांच्या कोपराशीच उभी होती. बुटीबोरीच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"काढून टाका मामा," ती म्हणाली. "तुमचं नाव छापून येऊन राह्यलं. माह्यानं काय अडते?"

मामांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "ऐका साहेब. त्या डब्याचं झाकण ढिल्लं हाये. ते फक्त तिलेच समजते, काऊन का दिवसभर तिच्या हातातून झाकणंच जाते. ती रुमालानं गाठ मारते अन् उतरून जाते. तिले काढलं तं पुढं वरण सांडते. इंटरव्ह्यूले चाललेल्या पोट्ट्याचा शर्ट पिवळा होते, त्याची नोकरी हुकते, अन् नवऱ्याले भेटते रिकामा डबा. त्या पोट्ट्यानं तिले पाह्यलंही नाई. आता सांगा, कोणाले काढू?"

"वाचक एवढा विचार करत नाही हो."

"मंग त्याले आमच्या गाडीत पाठवजा. गोष्ट छापू नका." आणि फोन बंद.

मी चिडलो. एका माणसावर तडजोड केली असती तर काय बिघडलं असतं? मामा म्हणाले, "एक काढला का दुसरा ढिल्ला होते, जावईबापू."

दिवाळीला तो अंक निघाला. मामांनी पुलगावच्या स्टेशनवरच विकत घेतला. नाव नसणार हे ठाऊक असूनही गाडीत चढल्यावर अनुक्रमणिकेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि पुन्हा एकदा फिरवलं. सिंदी आली. दारात रेटारेटी सुरू झाली, तशी मामांनी अंक पिशवीत कोंबला आणि त्या बाईला आत ओढून घ्यायला हात पुढे केला.