तुंबलेल्या ऑर्डरींना आजची तारीख

मंदाकिनीबाई बिबवेवाडीतल्या औषध वितरकाकडे कारकून होत्या. मालकांच्या हुकमावरून त्यांनी इन्सुलिनच्या तुंबलेल्या ऑर्डरी रद्द करून आजच्या तारखेने पुन्हा चढवल्या होत्या. कंपनीच्या अहवालात रद्द ऑर्डर मोजत नाहीत आणि नवीची मुदत अजून बाकी असते. म्हणून वेळेत पुरवठ्याची टक्केवारी झकास! इन्सुलिन बनवणाऱ्या कंपनीचे साहेब अहवाल वाचू लागले, तशा बाई रजिस्टरात डोकं खुपसून बसल्या. आता पकडणार!

"वा! आपल्याकडे कोणी ताटकळलेलंच नाही," साहेब म्हणाले. "मग आलेला माल वाघोलीच्या वितरकाला देतो. त्यांच्या ऑर्डरी महिनाभर जुन्या आहेत."

तेवढ्यात वारजेच्या मेडिकलवाल्याचा फोन आला.

"बाई, आज तरी इन्सुलिन येतंय ना? पेशंट दारात बसलाय हो."

त्याची ऑर्डर कागदावर आज सकाळीच जन्मली होती.