कापसातली पॉवर बँक

माझ्या पहिल्या पगारातून मी अप्पांसाठी पॉवर बँक घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोहोचलं नव्हतं. बी.एस्सी. झाले, जालन्यात एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि तिथल्याच मस्तगड भागात एक खोली भाड्यानं घेतली. अप्पांनी मला शिकवण्यासाठी जे केलं त्याची फेड करायची म्हटली तरी कुठून सुरुवात करावी हे कळत नव्हतं. म्हणून त्यांच्या रोजच्या उपयोगाची वस्तू घेतली.

आमचं गाव राजूरपासून आत, शेतातल्या रस्त्यानं जायचं. तिथं लाईटीचा भरवसा नाही. अप्पांच्या फोनची बॅटरी इतकी म्हातारी झाली होती, की वायर काढली की फोन मान टाकायचा. मी मधल्या सुट्टीत फोन लावायचे आणि तो बंद लागायचा. पॉवर बँक आल्यापासून रोज दुपारी अप्पांचा आवाज ऐकू यायला लागला.

दिवाळीत घरी गेले तेव्हा त्यांची व्यवस्था पाहिली. भिंतीवरच्या बोर्डात चार्जर, चार्जरची वायर पॉवर बँकेत, आणि पॉवर बँकेची दुसरी वायर फोनला. बँक स्वतः भरत होती आणि त्याच वेळी फोनलाही भरवत होती.

"लाईट आली की दोन्ही एकदम होतंय," अप्पा मोठ्या कौतुकानं म्हणाले. "अन् गेली तरी फोन चालूच. काढायची भानगड न्हाई."

"अप्पा, असं नका करू. एकतर तिला भरू द्या, नाहीतर तिच्यावर फोन लावा. भरतानाही ती तापते, देतानाही तापते. दोन्ही एकदम केलं तर तापणं दुप्पट. तिला गार व्हायला वेळच मिळत नाही."

"म्हणजे डब्बा बी दमतो का आता?" अप्पा हसले. आईकडे पाहून म्हणाले, "ऐकलं का, लेक शिकली तर डब्ब्याला सुट्टी पायजे म्हणती."

आई म्हणाली, "तिला सुट्टी द्या, मंग मला बी द्या."

मीही हसले. त्या डब्याच्या खोक्यात एक घडी केलेला कागद होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, चार्ज होत असताना दुसरं उपकरण जोडू नये. मी तो अप्पांना वाचून दाखवला. अप्पांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही वायरी लावल्या. फोन बंद राहिला तर माझा फोन चुकेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

संक्रांत झाली. कापूस वेचून झाला होता, भाव वाढेल म्हणून विकला नव्हता. आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी असतं तसं, पुढच्या खोलीत कापसाचा ढीग लावला होता. ढीग वाढत वाढत भिंतीवरच्या बोर्डापर्यंत गेला. घरात चालू बोर्ड तेवढा एकच. आधी पॉवर बँक खाली स्टुलावर असायची. स्टूल कापसाखाली गेलं, तशी ती कापसावर आली. अप्पा दुपारी त्याच कापसावर अंग टाकायचे. पाठ दुखत असली की गादीपेक्षा तिथं बरं वाटतं म्हणायचे. हे सगळं मला माहीत नव्हतं. फोनवर आपण 'जेवलात का', 'पाणी सोडलं का', एवढंच विचारतो.

त्या दुपारी मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून फोन लावला. अप्पांनी उचलला. आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

"माय, हा डब्बा लई तापलाय गं. हात लावू देत न्हाई."

"कुठं आहे तो?"

"इथंच, कापसावर. मी बाजूला पडलेलो. अन् फुगल्यावानी दिसून राह्यलाय. पोट आल्यासारखा. गोडसर वास बी येतोय काहीतरी."

बॅटरी फुगली आणि वास सुटला म्हणजे आतलं काम बिघडलंय, हे मला माहीत होतं. आणि कापूस! कोरडा, सरकीसकट, खोलीभर.

"अप्पा, उठा तिथून. आधी भिंतीवरचं बटण बंद करा. बटण बंद करा आणि मग वायर..."

फोन तुटला.

मी पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेजारच्या चाचांना लावला. ते आमच्या घराला लागूनच राहतात. त्यांनी उचलला, मागे बाजाराचा कलकलाट होता.

"बेटी, मैं तो भोकरदन में हूँ. भाव देखने आया था. क्या हुआ?"

"चाचा, घरात कोणी आहे का? अप्पांकडे कोणाला तरी पाठवा. जल्दी."

"सब खेत में गए. रुक, मैं निकलता हूँ. रो मत."

मी रडत आहे हे मला त्यांच्याकडून कळलं. मुख्याध्यापिकाबाईंना काय सांगितलं ते आठवत नाही. बसस्थानकावर राजूरवरून जाणारी भोकरदनची गाडी उभी होती, तिच्यात चढले.

बसमध्ये माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. "आणि मग वायर..." मी काय म्हणणार होते? वायर काढा, असंच म्हणणार होते. पण अप्पांनी किती ऐकलं? एवढंच ऐकून ते वायर उपटायला वाकले असतील, आणि त्याच क्षणी तो डबा त्यांच्या तोंडाजवळ फुटला असेल, म्हणून फोन तुटला असेल. माझ्या सांगण्यावरून ते वाकले असतील. मीच दिलेली वस्तू, मीच सांगितलेलं काम. मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते आणि फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई शांत आवाजात सांगत होती की फोन बंद आहे.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कोण वारलं का माय?"

"नाही," मी म्हणाले. "नाही." दुसऱ्यांदा म्हणाले ते माझ्यासाठी.

राजूरच्या अलीकडे खिडकीतून धूर दिसला. जाड, पांढरा, सरळ वर जाणारा. मी उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "बसा ताई, पऱ्हाट्या पेटवल्यात कोणीतरी." खरंच होतं. कापूस संपला की शेतकरी वाळलेली झाडं उपटून जाळतात. त्यानंतर वाटेत अजून धूर दिसले. प्रत्येक धूर आमच्याच घरावरचा वाटायचा आणि जवळ गेलं की कोणाच्या तरी शेतातला निघायचा. राजूरला उतरून एका ओळखीच्या पोराच्या गाडीवर मागे बसले तेव्हा पुढं गावाच्या दिशेनं काहीच धूर नव्हता. तेही बरं वाटेना. आग लागून विझूनही गेली असेल.

दार उघडं होतं. अंगणाच्या एका कडेला धोतरं आणि चादरी पसरून आईनं त्यावर ढिगाच्या कडेचा थोडा कापूस आणून टाकला होता. दुसऱ्या टोकाला मातीचा ढिगारा, त्यातून काळं काहीतरी डोकावत होतं, आणि वास असा की घसा धरला. अप्पा त्याच्यापासून लांब, ओट्याच्या कडेला बसले होते. उजव्या हाताला आईचं ओलं फडकं गुंडाळलं होतं.

मी त्यांच्या पायाशी बसले.

"काही न्हाई झालं," अप्पा म्हणाले. "जरा पोळलं. तू कशाला आली येवढ्या उन्हात?"

"फोन का तुटला?"

"म्या बटण बंद केलं. तू म्हणली तसं. बटण बंद केलं अन् फोन मेला."

मग मला कळलं. भिंतीकडून येणारा करंट थांबला की असा डबा आपल्या बॅटरीवर जातो, आणि त्या बदलात क्षणभर पुढचा पुरवठा तोडतो. चांगला फोन असता तर त्याला पत्ताही लागला नसता. अप्पांचा फोन त्या एका क्षणातच बंद पडला. म्हणजे जो आवाज तुटल्यानं मी वाटभर मेले होते, तो अप्पांनी माझं ऐकल्यामुळे तुटला होता.

"मंग सूप घेतलं," अप्पा सांगू लागले. "हातानं तर धरवत नव्हतं. फोनची वायर काढली, चार्जरची काढली अन् सुपात लोटला. दारापर्यंत आलो तर फुस्स करून राह्यला. सापासारखा."

"तेव्हा टाकून द्यायचा ना!"

"तेच तर," आई मधेच म्हणाली. "म्या वरडते, फेका, फेका. हे उंबऱ्यात उभे. म्हणे, लेकीनं दिलेला हाय, तिला इचारावं का फेकू म्हणून."

अप्पांनी खाली पाहिलं. "पहिल्या पगाराचा व्हता."

"अन् तेवढ्यात जाळ निघाला," आई म्हणाली. "सुपासकट फेकला मंग. म्या माती टाकली वरून, घमेल्यानं." तिचा आवाज इतका वेळ भांडणाचा होता, तो एकदम चिरकला.

मी अप्पांचा हात उघडून पाहिला. तळव्याला मोठा फोड आला होता, बोटं लाल होती. पाण्याखाली धरला. त्यांना दवाखान्यात नेऊ म्हटलं, चाचा गाडी घेऊन येतच होते. अप्पांनी हात सोडवला.

"आधी कापूस पाहू."

मला कळलं नाही.

"जिथं तो डब्बा व्हता, तिथला कापूस तांबूस झालाय. वरून इझलेला दिसतोय. पण कापूस आतून जळतो, माय. धूर बी येत न्हाई अन् मंग संध्याकाळी धडाड पेटतो."

आम्ही तिघं आत गेलो. बोर्डाखाली कापसात एक खळगा पडला होता, पॉवर बँकेच्या आकाराचा, कडा भाजलेल्या. त्याच्या शेजारी मोठा खळगा होता, अप्पांच्या पाठीचा. दोघांच्या मध्ये हातभर अंतर असेल.

मग आम्ही कापूस उपसायला लागलो. मूठ मूठ नाही, कवेत घेऊन. प्रत्येक कव आधी दोन्ही हातांनी दाबून पाहायची, गरम लागते का ते, आणि मग अंगणात न्यायची. अप्पा डाव्या हातानं करत होते. चाचा आले, त्यांनीही बाह्या वर केल्या आणि काही न विचारता लागले. पत्र्याचं घर, दुपारभर तापलेलं, त्यामुळे सगळाच कापूस कोमट होता. आईला दर थोड्या वेळानं वाटायचं की सापडलं. "इथं बघ गं, इथं गरम हाय का?" मी हात घालायचे. गरम वाटायचं. दुसरा हात घालायचे. तेवढंच गरम. माझेच हात तापले होते.

खळग्याखालचा थर काढता काढता तांबूस रंग फिका होत गेला आणि शेवटी पांढरा कापूस लागला. चाचा म्हणाले, "बस, हो गया." अप्पांनीही होकाराची मान हलवली. पण मी गुडघ्यावर बसून, खांद्यापर्यंत हात त्या ढिगात घालून, खालची जमीन कुठं गरम लागते का ते चाचपत राहिले.