तीन हजारांचा पंखा

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत मिस्त्री होतो. त्याआधी बेळगावात खडेबाजारात यंत्रांच्या दुकानात सात वर्षं काढली होती. तिथं जर्मन, इंग्रजी दोन्ही माल यायचा, त्यामुळं एकाची मापं दुसऱ्याच्या मापांत बदलणं मला येत होतं. निपाणीच्या मालकांनी मला ठेवून घेतलं ते त्याच गुणासाठी. इतरांना तेलाचं इंजिन चालवता यायचं, पाटीवरचं वाचता येत नव्हतं.

वखारीच्या मागं चाळणीघर होतं. वाळलेला पाला कुटून बायका तिथं चाळायच्या. खिडक्या उघड्या असायच्या तेव्हा पंधरा बायका बसायच्या. मालकांना तीस बसवायच्या होत्या आणि खिडक्या बंद हव्या होत्या, कारण वाऱ्यानं बारीक माल उडून जायचा. फॅक्टरी इन्स्पेक्टरनं लेखी कळवलं, माणशी मिनिटाला शंभर घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. तीस बायका, म्हणजे तीन हजार घनफुटांचा पंखा लावा, मग परवानगी देतो.

आठ दिवसांनी मालकांनी मुंबईहून पंखा आणला. जुना, जर्मन, दीड फूट व्यासाचा. पितळी पाटीवर मोठ्या आकड्यात ३००० कोरलेलं होतं. मालक खुशीत होते. मी पाटी पुसली, खालची बारीक ओळ वाचली आणि म्हणालो, "मालक, हा आकडा घनमीटरचा आहे. तोही तासाचा."

"म्हंजे काय?"

मी जमिनीवर खडूनं मांडून दाखवलं. साहेबाला मिनिटाला तीन हजार घनफूट पाहिजेत. मिनिटाचा तास करायचा तर साठानं गुणायचं, एक लाख ऐंशी हजार झाले. एका घनमीटरात पस्तीस पूर्णांक तीन घनफूट मावतात, म्हणून त्यानं भागायचं. उत्तर येतं एक्कावन्नशेच्या आसपास. म्हणजे पाटीवर एक्कावन्नशे असलेला पंखा पाहिजे. हा तीन हजाराचा पंखा उलट हिशोबानं घनफुटात मोजला तर मिनिटाला पावणेअठराशेसुद्धा भरत नाही.

मालकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते अडाणी नव्हते. चपलेनं खडू पुसून टाकत ते म्हणाले, "साहेब काय मागतोय? तीन हजार. पाटीवर काय हाय? तीन हजार. खालची वळ कानशीनं काढून टाका."

मी कानस आणली आणि ती ओळ घासून काढली. पितळ मऊ असतं, वेळ लागला नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. घासल्यावर वरून राख चोळली, म्हणजे ताजा चरा दिसू नये. ते मला कुणी सांगितलंही नव्हतं.

इन्स्पेक्टर आला, पाटी वाचली, मला विचारलं, "थ्री थाउजंड?" मी "येस सर" म्हणालो. त्यानं सही केली. खिडक्यांना फळ्या ठोकल्या, हवा आत यायला समोरचं एक दार उघडं ठेवलं आणि तीस बायका आत बसल्या.

पंधरवड्यात खोकला सुरू झाला. जुन्या पंधरा बायकांत एक थोराड बाई होती, तिला सगळ्या आक्का म्हणायच्या. चिकोडीकडची, घरात कानडी बोलणारी. ती एका दुपारी पंख्यापासून चार पावलांवर उभी राहिली, पदराची एक दशी ओढली आणि पात्यांच्या दिशेनं धरली. दशी जेमतेम हलली. ती माझ्याकडं येऊन म्हणाली, "अण्णा, ह्यो धूळ वढत न्हाय. आमच्या नाकातच ऱ्हातीया. खिडकी हुती तवा बरं हुतं."

मी म्हणालो, "आक्का, पंखा ठीक आहे."

तेवढ्यात मालक आले. त्यांनी काम थांबवलं, सगळ्या बायकांना तोंडं इकडं करायला लावली आणि मला म्हणाले, "मिस्त्री, हिला जरा हिशोब समजावा."

मी समजावला. आजही त्यातला शब्द न् शब्द आठवतो. "तुला घनफूट ठाऊक आहे का गं?" मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. "घनमीटर?" पुन्हा तेच. "मग दशीनं काय मोजतेस? पाटीवर तीन हजार लिहिलंय ते जर्मनीच्या इंजिनेरांनी. ते खोटं आणि तुझा पदर खरा?" मालक हसले, म्हणून बायकाही हसल्या. हसता हसता कितीतरी जणी खोकल्या. आक्का खाली मान घालून जागेवर गेली. त्या खोलीत तो हिशोब खरोखर मांडता येणारा मी एकटाच होतो, आणि त्याच हिशोबानं मी तिला गप्प केलं होतं.

मला ते सहन झालं नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर दोन महिने सहन झालं. मग आक्काच्या रुमालावर रक्त दिसलं आणि मी इन्स्पेक्टरला निनावी पत्र घातलं. पत्रात सगळी मांडणी लिहिली: साठानं गुणा, पस्तीस पूर्णांक तीननं भागा, पाटीची खालची कड बघा.

या खेपेला दुसरा साहेब आला. त्याच्याजवळ वाऱ्याचा वेग मोजायची छोटी चकरी होती. ती त्यानं पंख्याच्या तोंडाशी ठिकठिकाणी धरली. वेग आला मिनिटाला नऊशे साठ फूट. तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस फूट. गुणाकार सोळाशे ऐंशी घनफूट. पाटीकडं बघून त्यानं बोटानं घासलेली जागा चाचपली आणि लिहून घेतलं. मग म्हणाला, "एक्कावन्नशे घनमीटरचा पंखा लावा, नाहीतर इथं सोळाच माणसं बसतील."

मला वाटलं, झालं. आता नवा पंखा येणार.

मालकांनी साहेबाला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला बोलावलं. "सोळा म्हणला न्हवं? मग सोळाच ठेवू. चौदा जणी कमी करायच्या. खोकणाऱ्या आधी काढा, त्यांचं काम न्हायतरी उरकत न्हाय. तुम्ही वाचून दाखवा."

प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला होता. मी चौदा नंबर वाचले. जवळजवळ सगळे जुने होते, खिडक्या उघड्या असल्यापासून बसणाऱ्या बायांचे. पंखा यायच्या आधी त्या धडधाकट होत्या. फळ्या मात्र जागच्या जागी राहिल्या. साहेबानं खिडक्यांबद्दल काही लिहिलं नव्हतं.

आक्काचा नंबर सहावा आला. तिनं बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. पत्र कुणी लिहिलं हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी ती म्हणाली, "साहेबाला कुणी सांगितलं, अण्णा?"

"ठाऊक नाही."

"ज्यानं सांगितलं त्यानं लई वाईट केलं. खोकत का हुईना, बसलो हुतो."

मी सातवा नंबर वाचला. ती दारापर्यंत गेली, खोकला आला म्हणून चौकट धरून थांबली, खोकला ओसरल्यावर गेली. दिवाळीनंतर तिच्या गावची एक बाई वखारीत आली होती. ती म्हणाली, आक्का भाद्रपदातच गेली.

मी त्या वखारीत पुढं तीन वर्षं काढली. पंखा चांगला चालायचा. दर महिन्याला मी त्याला तेल घालत होतो.