आईची आवळा कँडी आणि आयोडीनचे थेंब

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो आणि मला राग लवकर येतो. या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या की घरच्यांचं काय होतं, ते माझ्या आईला विचारा. ती सांगणार नाही, कारण ती माझी बाजू घेईल. म्हणून मीच सांगतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. धाकट्या बहिणीला पाचवा महिना होता. ती मुलुंडला, आम्ही बोरिवलीला. तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या, म्हणजे लोह अंगी लागेल. बहिणीला लिंबानं जळजळ व्हायची. तिनं आईला फोन केला. आईनं एका दमात निकाल दिला: "लिंबू सोड. माझी आवळा कँडी खा गोळीबरोबर. आवळ्याएवढं सी व्हिटॅमिन कशातच नाही."

महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. आकडा होता तिथेच. बहीण फोनवर रडवेली झाली होती. मी नुकताच कॉलेजातून प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासून आलो होतो, डोकं आधीच तापलेलं. फोन ठेवला आणि आईवर घसरलो.

"तुझी कँडी म्हणजे नुसती साखर आहे, आई! आधी उकळतेस, मग तीन दिवस पाकात बुडवतेस, मग उन्हात वाळवतेस. राहणार काय त्यात? व्हिटॅमिन सी पाण्यात उतरतं, उष्णतेनं जातं, हवेनं जातं. तू तिन्ही करतेस."

आई गॅलरीतल्या ताटातल्या फोडी उलट्या करत होती. तिनं मान वर केली नाही. "तू बघितलंयस आत जाऊन?" एवढंच म्हणाली.

आता हे वाक्य रसायनशास्त्राच्या मास्तरला कुणी ऐकवू नये. मी चप्पल घातली, खालच्या मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची बाटली आणली आणि ओट्यावर मांडामांड सुरू केली. आईनं हात पुसले आणि स्टूल ओढून समोर बसली. सकाळच्या भाताची पेज बाजूला होती, तीच मी कामाला लावली. तत्त्व सोपं आहे. पेजेत आयोडीन पडलं की ती निळीकाळी होते. पण त्यात सी व्हिटॅमिन असेल तर ते आधी आयोडीनला रंगहीन करून टाकतं. व्हिटॅमिन संपलं की मगच निळा रंग टिकतो. म्हणजे निळं व्हायला जितके जास्त थेंब, तितकं व्हिटॅमिन जास्त. आवळ्यातला तुरटपणाही थोडं आयोडीन खातो, त्यामुळे हा हिशेब काट्याचा नाही, पण तुलना करायला पुरतो.

मी वजनकाटा काढला. दहा ग्रॅम आवळा, दहा ग्रॅम कँडी.

"असं कसं?" आई म्हणाली. "वाळल्यावर आवळा आक्रसतो, वर साखर चढते. दहा ग्रॅमला दहा ग्रॅम कसं लावतोस? एक आवळा घे. आणि एका आवळ्याच्या सगळ्या फोडी घे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी एकालाही हे सुचलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं. काटा मुकाट्यानं आत ठेवला.

दगडी खलात एक ताजा आवळा ठेचला, एक भांडंभर पाण्यात कालवला, फडक्यातून गाळला. कँडीच्या सहा फोडी भिजवून तसंच केलं. दोन्हीचा एकेक चमचा वेगळ्या कपात, वर पेजेचं पाणी. आयोडीन पातळ करून ड्रॉपरमध्ये भरलं आणि मोजायला लागलो. ताज्या आवळ्याच्या कपात थेंब पडायचा, निळा ढग उठायचा आणि ढवळल्यावर नाहीसा व्हायचा. आई नाकावर चष्मा ओढून वाकून बघत होती. "गेला," ती म्हणायची. "हा पण गेला." बेचाळिसाव्या थेंबाला निळं टिकलं.

कँडीच्या कपात ते अकराव्या थेंबालाच टिकलं.

मी जिंकलो होतो. तोंडावर ते दिसलंही असणार. आई म्हणाली, "पण अगदीच काही नाही असं नाही ना."

"नाही," मी कबूल केलं. "आवळा चिवट आहे. दुसरं फळ असतं तर एवढंही राहिलं नसतं. काही पाकात उतरलंय, काही तू उकळून ओतून दिलेल्या पाण्यात गेलं, बाकीचं उष्णतेनं आणि हवेनं गेलं. वाफेवर शिजवलेस आणि सावलीत वाळवलेस तर जरा जास्त राहील."

"वाफेवर," आईनं मनाशी टिपलं. मग एकदम विचारलं, "आणि ठेवल्यावर? बरणीत ठेवल्यावर कमी होतं?"

"होतंच. हळूहळू होत राहतं."

ती उठली. वरच्या फळीवरून, डाळींच्या डब्यांमागून, तिनं एक काचेची बरणी काढली. आत तळाशी दहा-बारा फोडी होत्या, काळपट झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. "ही बघ," ती म्हणाली. "ही बाबांची."

तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून बसलोय.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांना रक्ताचा आजार होता. शेवटचे सात-आठ महिने हिरड्यांतून रक्त यायचं, तोंड सोललेलं असायचं. आई आधी ताजा आवळ्याचा रस द्यायला बघायची, पण तो तोंडाला लागला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग तिनं रस बंद केला आणि कँडी सुरू केली. रोज दुपारी दोन फोडी. साखर झटकून, कोमट पाण्यात मऊ करून. "हिरड्यांना सी व्हिटॅमिन लागतं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्या दिवसांत तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. औषधं डॉक्टरांच्या हातात, पथ्य नर्सच्या हातात, आणि या दोन फोडी आईच्या.

"राहू दे गं," मी म्हणालो. "जुनी आहे ती."

"ते पण जुनीच खायचे. आदल्या हिवाळ्यातली असायची. घे तू."

मी खोटं मोजू शकलो असतो. खरंच तसं मनात आलं. पण ती समोर बसली होती, निळं कसं दिसतं ते आता तिला माहीत होतं, आणि तिला फसवणं जमलं असतं तरी मला ते नको होतं. मी त्यातल्या सहा फोडी ठेचल्या, गाळल्या. पहिला थेंब गेला. दुसरा रेंगाळला, मग गेला. तिसरा गेलाच नाही.

आईनं तो निळा कप जवळ ओढला.

"म्हणजे त्यांना काही पोचलंच नाही," ती म्हणाली. "रस द्यायला हवा होता. दुखलं असतं तरी द्यायला हवा होता. मी आपली लाड करत बसले."

मी घाईघाईनं बोलायला लागलो. म्हणालो, आई, बाबांच्या हिरड्यांचं रक्त व्हिटॅमिन कमी पडलं म्हणून येत नव्हतं. त्यांच्या रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशीच कमी झाल्या होत्या. घागरभर रस पाजला असतास तरी ते थांबलं नसतं, नुसता त्रास झाला असता. व्हिटॅमिनची गोळी त्यांना डॉक्टर देतच होते. तू कमी पडली नाहीस. हे सगळं खरं होतं आणि मी ते वर्गात सांगावं तसं मुद्देसूद सांगितलं. आई ऐकत होती, मान हलवत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडत नव्हता.

"मग मी देत होते काय त्यांना रोज?" तिनं विचारलं.

आणि मग मला ते सांगावं लागलं, जे सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं.

एका दुपारी आई आंघोळीला गेली होती. बाबा उशीला टेकून बसले होते, हातात वाटी, वाटीत दोन फोडी. मला म्हणाले, "काय रे मास्तर, शिजवून वाळवून यात खरंच व्हिटॅमिन राहतं का?" मी पलंगाशी उभा राहून त्यांचा पूर्ण तास घेतला होता. पाण्यात विरघळणं, उष्णता, हवा, साठवण. शेवटी म्हणालो होतो की जेमतेम काहीतरी राहत असेल. त्यांनी एक फोड चघळत शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "झालं तुझं? तिला बोलू नकोस हं." आणि उरलेली फोड तोंडात टाकली.

त्यानंतर चार महिने त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. आईवर घसरताना मीच रागाच्या भरात ते विसरलो होतो.

आईनं चष्मा काढला. पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी खायचे?"

"हो गं आई."

तिनं फोन उचलला आणि बहिणीला लावला. आवाज जरा जड होता, पण सूचना नेहमीसारख्याच फटाफट. "ऐक. गोळीबरोबर लिंबूपाणीच घे. जळजळतं तर थोडं घे, जास्त पाणी घालून, नाहीतर संत्रं खा. डॉक्टरला पण विचार. आणि गोळी कशाबरोबर घेत होतीस गं? चहाबरोबर? वाट लागली! चहानं सगळं लोह अडतं, दादा सांगतोय बघ." मी काहीच सांगितलं नव्हतं, पण ते बरोबर होतं. "कँडी? कँडी खा की. दुपारी खा, आवडते म्हणून."

फोन ठेवून ती ओट्याशी आली. तिन्ही कप बेसिनमध्ये उपडे केले, पाणी सोडलं, निळं वाहून गेलं. बाबांच्या बरणीचं झाकण घट्ट लावता लावता ती थांबली. ती रडत होती आणि हसतही होती.

"शेवटच्या आठवड्यात," ती म्हणाली, "एकदा तिसरी फोड मागितली होती रे त्यांनी. मी म्हटलं, नको, जास्त झाली तर बाधेल."