मुंडावळीचा भांग

नगरातल्या जुन्या माणसांना ‘मुंडावळी कट’ हे नाव अजून आठवतं. लांबट, अरुंद चेहऱ्याच्या माणसाचे केस असे कापायचे की चेहरा आटोपशीर दिसावा, ही त्यातली करामत. हा कट मी काढला असं सगळे सांगतात. मीही इतकी वर्षं तसंच सांगत आलो. आता वस्तरा खाली ठेवूनही बरीच वर्षं झाली. तेव्हा खरं काय ते लिहून ठेवतो. तो कट माझा नाही. माझ्या बायकोचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. भिंगारच्या छावणीत गोरे आणि देशी शिपाई खच्चून भरले होते आणि मी तिथल्या एका वस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं काम करून नगरात स्वतःचं दुकान टाकलं होतं. दुकान म्हणजे आमच्या राहत्या जागेची पुढची खोली. एक खुर्ची, एक मोठा आरसा, मागे गोणपाटाचा पडदा आणि पडद्यापलीकडे आमची चूल. छावणीत मी एकच गोष्ट पक्की शिकलो होतो: कानावरून मशीन वर चढवायचं, बाजू साफ करायच्या, वरचे केस तेल लावून मागे फिरवायचे. शिपायाला ते शोभायचं. मला वाटायचं, जे शिपायाला शोभतं ते सगळ्यांनाच शोभतं.

मिशनच्या शाळेतले एक तरुण मास्तर माझ्याकडे आले ते एका मंगळवारी. येत्या शनिवारी त्यांचं लग्न होतं. मुलगी राहुरीकडची. मास्तर स्वभावानं गरीब, शिकवण्यात हुशार, पण चेहरा फार लांब आणि अरुंद. गाल आत, हनुवटी खाली उतरलेली. शाळेतली पोरं त्यांना पाठीमागे काय म्हणत ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. मुलीच्या भावांनीही बघायला आले तेव्हा आपसांत काहीतरी कुजबुजून हसू दाबलं होतं, आणि ते मास्तरांनी पाहिलं होतं. हे त्यांनीच मला खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं.

“लग्नाच्या दिवशी तरी कुणी हसू नये एवढं बघा,” ते म्हणाले.

“मास्तर, नुसते बसा. साहेब करून सोडतो.”

आणि मी मशीन घेतलं. दोन्ही कानांवरून चांगलं चार बोटं वर नेलं. वरचे केस तेलानं चापून मागे घेतले, पुढे जरा उंचवटा काढला. तेव्हा ती फॅशन होती. मास्तरांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग “बरं” म्हणाले आणि गेले. मी खूश होतो. त्यांच्या आवाजावरून काही समजावं एवढी अक्कल मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले, डोक्याला रुमाल बांधून, आणि बरोबर त्यांची आई. बाई दारातूनच बोलत आल्या.

“अरं, माझ्या लेकाचं काय करून ठेवलंस हे? आधीच देवानं तोंड लांब दिलं, त्यात तू दोन्हीकडनं तासून काढलंस! आता तर पार घोड्यावाणी दिसाय लागलं!”

“आई, हळू,” मास्तर म्हणाले.

“हळू काय? शनवारी सगळं राहुरी हसंल, तवा हळू हसतील व्हय?”

मास्तरांनी रुमाल काढला आणि त्या उजेडात मला पहिल्यांदा दिसलं. बाजूंना केसच नव्हते, त्यामुळे डोकं आणखी अरुंद झालं होतं. वर उंचवटा, त्यामुळे उंची वाढली होती. कपाळ उघडं, एकसलग. जे लांब होतं ते मी आणखी लांब केलं होतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“केस म्हंजे काय मेण हाय का, परत चिकटवायला?” मी उलट चिडूनच बोललो. “बाजू भरायला दीड महिना लागंल. फेटा बांधा की. लग्नात नवऱ्याला फेटा असतोच.”

“आमच्यात नाही,” मास्तर शांतपणे म्हणाले. “चर्चमध्ये पुरुषानं डोकं उघडं ठेवायचं असतं. पाळकसाहेबांसमोर तासभर तसंच उभं राहायचं. नंतर फोटो. तोही तसाच.”

तेवढ्यात पडद्यामागं पितळी भांडं दोनदा वाजलं. बायकोला मला बोलवायचं असलं की ती तसं करी. गिऱ्हाईक असताना ती पुढे येत नसे. मी आत गेलो.

ती चुलीपाशी भाकरी थापत होती. हात पिठाचे. कर्जतकडच्या खेड्यातली ती, दोन इयत्तासुद्धा झालेल्या नव्हत्या.

“त्यास्नी मुंडावळ्या न्हाईत,” ती म्हणाली.

“म्हंजे?”

“अवं, आपल्यात कसला बी लांब तोंडाचा नवरा असू द्या, बोहल्यावर बरा दिसतो. का? तर कपाळावरनं आडवी मुंडावळी जाती. दोरीच्या वर काय हाय ते कोन बघत न्हाई. अन् दोन्हीकडनं कानशिलांवर लोंबतं, त्यानं तोंड भरल्यावानी वाटतं. ह्यास्नी वर कायच न्हाई. मग केसांचीच मुंडावळी करा.”

मी हसलो. “बायांनी आता आम्हाला कात्री शिकवायची का?”

“नका शिकू. पन त्या माउलीचा जीव बघा.” मग तिनं पिठाचं बोट माझ्या कपाळापुढे हवेत आडवं ओढलं. सरळ नाही, जरा तिरकं. “सरळ नको. सरळ केलं तर बाळाच्या टाळूवरचं जावळ दिसंल. डाव्या भुवईच्या टोकावर भांग घ्या, पुढचे केस उजवीकडं कपाळावर आडवे येऊ द्या. दोन बोटं कपाळ झाकलं पायजे. वरचा उंचवटा काढून टाका. अन् तेल नका लावू. तेलानं केस बसत्यात, तोंड आनखी बारीक दिसतं. बाजूचं तुमी खाल्लंच हाय, तर वरचेच केस तिथं मोकळे पडू द्या.”

“हे तुला कुनी सांगितलं?”

“कुनी सांगाया पायजे? लांब तोंडाची बाई कुंकवाची आडवी चिरी लावती, ते काय उगंच? डोळं हायत ना मला.”

मी बाहेर आलो. मास्तरांना म्हणालो, “बसा. अजून एक इलाज आहे.” आवाज असा काढला जणू आत विचार करायला गेलो होतो.

आधी केसांतलं सारं तेल साबणानं काढलं. केस टॉवेलानं कोरडे केले आणि सुटे होऊ दिले. वरच्या केसांची उंची कंगव्यावर धरून उतरवली, पण पुढचे आणि कडेचे लांब ठेवले. डाव्या भुवईच्या टोकावर भांग घेतला आणि पुढचे केस तिरके उजवीकडे पाडले. टोकं कात्रीनं उभी टोचून विरळ केली, नाहीतर कपाळावर पाटी बसल्यासारखी दिसली असती. मशीननं उघड्या पडलेल्या कडांवर वरचे केस सैल उतरले आणि कानांच्या वर डोक्याला जरा रुंदी आली. मग माझ्याकडून एकच भर घातली: मास्तरांची मिशी मधे टोकदार होती, ती आडवी राखली.

आईनं पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. मग मास्तरांच्या हनुवटीला बोट लावून म्हणाल्या, “आता माझं लेकरू दिसतंय. कालचं कुनाचं हुतं कुनास ठाव.”

मास्तर हसले. हसल्यावर त्यांचे गाल भरतात, हे मी तेव्हा पाहिलं. “हे सुचलं कसं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

पडदा माझ्यापासून दोन हातांवर होता. भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

“छावणीत शिकलो,” मी म्हणालो.

थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

शनिवारी कुणी हसलं नाही. उलट मुलीच्या त्याच भावांपैकी एक जण आठ दिवसांनी माझ्या खुर्चीत येऊन बसला. मग एकातून एक. बायकोनं दिलेलं ‘मुंडावळी’ हे नावही मी माझंच म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक बसलं की मी काहीतरी निमित्त काढून आत जाई, ती पडद्याच्या फटीतून चेहरा पाही आणि दोन वाक्यांत सांगे. एकदा फार रुंद कपाळाचा एक वकील आला. मी त्याला मास्तरांसारखाच तिरका भांग देणार होतो. ती म्हणाली, “ह्याचं लांब न्हाई, वर रुंद हाय. ह्याचे कोपरे झाका. मागं फिरवू नका, न्हाईतर अंगण दिसंल. केस हलके पुढं येऊ द्या अन् कानापाशी थोडे भरा, म्हंजे खालची बाजू वरच्याला जोड हुईल.” वकील पुढे वीस वर्षं माझ्याकडेच येत राहिला. तो येई तिच्या नजरेसाठी, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

तिनं कधी काही मागितलं नाही. एकदाच, आमच्या समाजाच्या मेळाव्यात मी तिच्यादेखत हा कट समजावून सांगितला आणि मला शाल मिळाली त्या रात्री, जेवायला वाढताना म्हणाली, “कट चांगला सांगितला तुमी सगळ्यास्नी. फकस्त कानशिलाचं सांगायचं इसरलात.” बस. ते वाक्य मी आजवर गिळू शकलेलो नाही. तिला दुःख झालं होतं ते शाल मला मिळाली म्हणून नव्हे. काम अर्धवट सांगितलं गेलं म्हणून. अशी कारागीर होती ती. माझ्या साऱ्या आयुष्यात तिच्या तोडीचा कारागीर मी पाहिला नाही, आणि मी छावणीतले वस्ताद पाहिलेत.

ती गेल्यावर तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी मी मास्तरांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते, डोक्यावर केस उरले नव्हते. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. मी बसलोही नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: भांडं कसं वाजलं, पिठाचं बोट, मुंडावळी, आणि मी काय उत्तर दिलं ते.

मास्तरांनी फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे दरवर्षी नाताळात तुमच्या घरी करंज्यांचा डबा घेऊन येत होतो, आणि पडद्याकडे पाठ करून तुमचे आभार मानत होतो.”

“हो.”

“आणि त्या आम्हाला चहा करून देत होत्या.”

“हो.”

मला वाटलं, आता हे मला जायला सांगतील. त्यांनी आपल्या बायकोला हाक मारली आणि खुर्ची पुढे ओढली. “बसा,” म्हणाले. “आता हिलाही ऐकू द्या. त्या बाईंची नजर कशी होती ते नीट सांगा. कानशिलाचंही सांगा.”

मी बसलो आणि सांगितलं. डाव्या भुवईच्या टोकापासून सुरुवात केली आणि काहीही गाळलं नाही.